केवडा, केशर, वेलची, गुलाब: बासुंदीत आणि बिर्याणीत किती, कधी आणि कसं घालायचं

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाची बासुंदी माझ्याकडे आली. तीन लिटर दूध सकाळपासून आटवलं होतं, साय कडेला लावून लावून परत दुधात सोडली होती. शेवटी कपाटातली केवड्याची बाटली काढली, एक चमचा मोजला आणि गंजात ओतला. पाच मिनिटांत सगळ्या स्वयंपाकघरात अगरबत्तीचा वास सुटला. पंगतीत लहान मुलांनी पहिल्या घोटालाच वाट्या बाजूला सारल्या. मोठ्यांनी नैवेद्याचं म्हणून संपवलं, पण पुरणपोळीबरोबर दुसरी वाटी कोणी मागितली नाही.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. पाककृतीत एक चमचा ‘केवडा जल’ लिहिलेलं होतं आणि माझ्या हातात होती केवडा इसेन्सची बाटली. एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, म्हणजे सुमारे शंभर थेंब. त्या बासुंदीला दोन थेंब पुरले असते.

तेव्हापासून मी हे चार वास नीट शिकत गेले. थोडं नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतल्या एका जुन्या दुकानदाराकडून, थोडं लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांकडून, आणि बिर्याणीचं सगळं मोमिनपुऱ्यातल्या एका बावर्ची चाचांकडून. यंदा पहिल्यांदाच महालक्ष्म्यांचं, कोजागिरीचं किंवा घरच्या दावतीचं करणार असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा.

## आधी हे जवळ ठेवा

फार काही लागत नाही. औषधाच्या दुकानात मिळतो तो काचेचा ड्रॉपर, मोजमापाच्या चमच्यांचा एक संच, छोटा दगडी किंवा पितळी खलबत्ता, झाकणाची छोटी काचेची बाटली आणि चिकटपट्टी. ड्रॉपर केवड्याला वेगळा आणि गुलाबाला वेगळा घ्या. त्याचं रबरी बोंडूक वास धरून ठेवतं, कितीही धुतलं तरी तो जात नाही.

सामानात हिरवी वेलची सालासकट, केशर एक ग्रॅम, आणि केवडा जल किंवा गुलाब जल यांपैकी सध्या ज्याची गरज आहे ते एकच. दोन्ही एकदम आणू नका. घरात असलं की हात जातोच.

## १. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा

एकाच फळीवर, जवळपास एकाच आकाराच्या बाटल्यांत चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे जल. फुलं पाण्यात उकळून त्यांची वाफ थंड केली की सुगंधी पाणी मिळतं, ते केवडा जल किंवा गुलाब जल. हे सौम्य असतं आणि चमच्याने मोजता येतं. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. मात्र बाजारातलं प्रत्येक ‘जल’ असं वाफेचं नसतं. पुष्कळदा साध्या पाण्यात इसेन्स मिसळून तेच नाव दिलेलं असतं. घटकांची यादी वाचा, त्यात कृत्रिम स्वाद असं लिहिलेलं असेल तर माप अर्धं करा.

दुसरी गोष्ट इसेन्स. हा बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो आणि तो प्रोपिलीन ग्लायकॉलसारख्या द्रवात विरघळवलेला असतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. मिठाईच्या दुकानांत तोच चालतो आणि नीट वापरला तर खाणाऱ्याला खुपत नाही. पण तो थेंबाने मोजायचा असतो, आणि एका थेंबाची चूकही ताटात कळते.

तिसरी आणि चौथी म्हणजे अत्तर आणि रूह. रूह म्हणजे फुलाचा निव्वळ अर्क, अत्तर म्हणजे चंदनतेलासारख्या आधारात उतरवलेला वास. लखनवी पद्धतीच्या बिर्याणीत मीठा अत्तर घालतात, ते खाण्यासाठीच केलेलं असतं. अंगाला लावायचं अत्तर म्हणजे ते नव्हे. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी अंगाचं अत्तर अन्नात घालायचंच नाही.

गुलाब जलाच्या बाबतीत एक सापळा हमखास असतो. चेहऱ्याला लावायचं गुलाब जल स्वस्त असतं, घरात असतंच, आणि ऐन वेळी तेच हाताला लागतं. त्यात टिकवण्यासाठी घातलेली रसायनं पोटात जाण्यासाठी नसतात. बाटलीवर ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं असेल तर ती स्वयंपाकघरात आणूच नका. खाण्याच्या जिनसेवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो शोधा.

आपल्याकडे मिळणाऱ्या केवड्याचा बराचसा अर्क ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून येतो. समुद्रकाठच्या त्या पट्ट्यात केवड्याची बनं आहेत. वास नर झाडाच्या कणसाला असतो, आणि सर्वांत जास्त फुलं पावसाळ्यात येतात. आपल्याकडे गणपतीत फुलवाल्यांकडे केवड्याची पिवळसर पानं दिसतात, ती याच कणसाची. आजी ते पान काताच्या डबीत ठेवायची आणि आठवडाभरात कात सुगंधी व्हायचा. खऱ्या केवड्याचा वास कसा असतो हे एकदा त्या पानावरून शिकून घ्या. त्यात गोडव्याबरोबर एक हिरवा, किंचित तिखट कडवटपणा असतो. स्वस्त इसेन्समध्ये गोडवा तेवढा असतो, हिरवेपणा नसतो. पान नाकाशी धरल्यावर बाटली हुंगली की फरक लगेच कळतो.

## २. इसेन्स असेल तर आधी तो उतरवून घ्या

घरी इसेन्सचीच बाटली असेल तर टाकू नका. उकळून गार केलेलं पाणी दहा लहान चमचे, म्हणजे पन्नास मिलिलिटर, काचेच्या बाटलीत घ्या. त्यात ड्रॉपरने मोजून दहा थेंब इसेन्स टाका, झाकण लावून नीट हलवा. आता या पाण्याच्या एका चमच्यात साधारण एक थेंब इसेन्स आहे. अर्धा चमचा म्हणजे अर्धा थेंब, पाव चमचा म्हणजे पाव थेंब. मूळ बाटलीतून अर्धा थेंब कोणालाच टाकता येत नाही, या पाण्यातून येतो.

बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव आणि तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर तो इसेन्स तेलातला आहे. तो प्रत्येक वेळी जोरात हलवूनच घ्यावा लागतो, नाहीतर वरच्या चमच्यात सगळा वास येतो आणि खाली नुसतं पाणी उरतं.

## ३. केशर: आधी खात्री, मग खल, मग दूध

केशर म्हणजे फुलाच्या आतले तीन लाल तंतू. एका फुलाला तीनच, म्हणून एका ग्रॅमला सुमारे दीडशे फुलं लागतात. काश्मीरमधलं पांपोर यासाठी प्रसिद्ध आहे. नुसते लाल टोकाचे तंतू असतात त्याला मोगरा म्हणतात, खालच्या पिवळ्या देठासकट असतात त्याला लच्छा. रंग आणि चव लाल भागात असते.

आपल्या विदर्भात केशराच्या नावाखाली करडईच्या पाकळ्या सहज खपतात. मीही एकदा एका दुकानातून त्या आणल्या होत्या. दुधाला सुरेख पिवळा रंग आला, वास मात्र शून्य. ओळखायची रीत सोपी आहे. एक तंतू तळहातावर घ्या आणि उजेडात नीट बघा. केशराचा तंतू एका टोकाला बारीक असतो आणि दुसऱ्या टोकाला तुतारीसारखा पसरतो, त्या टोकाची कड जराशी दातेरी असते. करडईच्या पाकळीला असं टोक नसतं, ती नुसती चपटी, नारिंगी कात्रणासारखी दिसते.

मग चार तंतू वाटीभर कोमट पाण्यात टाका. खरं केशर सावकाश सोनेरी पिवळा रंग सोडतं, दहा-पंधरा मिनिटं घेतं, आणि तंतू शेवटपर्यंत लालच राहतो. टाकल्याबरोबर लाल रंगाचे ढग सुटले आणि तंतू पांढुरका पडला, तर तो रंगवलेला माल आहे.

आता वापर. बहुतेक जण तंतू थेट उकळत्या दुधात टाकतात आणि रंग येत नाही म्हणून आणखी टाकतात. तसं करू नका. तवा जेमतेम कोमट करा, गॅस बंद करा, कागदात गुंडाळलेले तंतू त्यावर अर्धा मिनिट ठेवा. ते कडकडीत झाले की चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटा. साखरेचे कण तंतूंना घासतात आणि बारीक पूड होते. ती दोन मोठे चमचे कोमट दुधात घालून वीस मिनिटं झाकून ठेवा. दहा तंतू असे वापरले तर न कुटलेल्या वीस तंतूंइतका रंग मिळतो, असा माझा अनुभव आहे.

तुपात केशर घालून काही होत नाही. त्याचा रंग पाण्यात आणि दुधात उतरतो, तुपात नाही. शिऱ्यात केशर घालायचं असेल तर आधी दुधात भिजवून मग घाला.

जास्त झालं तर कसं कळतं? केशराला स्वतःची कडवट चव असते. थोडं असलं की ती गोडाला तोलते, जास्त झालं की औषधासारखी जिभेच्या मागे राहते. एक लिटर दुधाला पंधरा तंतू मला पुरेसे वाटतात. वीसच्या वर मी जात नाही.

## ४. वेलची: ऐन वेळी कुटा

वेलचीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांच्या हातची आहे. वास दाण्यात असतो आणि दाणा फुटला की तो उडायला लागतो. बरणीतली महिनाभर जुनी वेलचीपूड म्हणजे निम्मा भुसा. शेंगा आणा, लागतील तेव्हा सोला, साल साखरेच्या डब्यात किंवा चहात टाका, दाणे कुटा.

गोडात पूड, भातात अख्खी. गोड उकळत असताना पूड घातली तर वास उडून नुसती कडसर चव राहते, म्हणून गॅस बंद केल्यावर घाला. भातात मात्र शेंग नुसती टोचून किंवा किंचित ठेचून घालतात. शिजताना ती हळूहळू वास सोडते आणि पानात काढून ठेवता येते.

मसाला वेलची, ती काळी मोठी, गोडात चालत नाही. तिला धुराचा वास असतो.

## ५. एकच वास पुढे, दुसरा त्याच्या मागे

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही आहे. चारही वास चांगले आहेत म्हणून चारही एकत्र चांगले लागतात असं नाही. एका पदार्थाला एक मुख्य वास ठरवा. हवाच असेल तर दुसरा त्याच्या निम्म्याहून कमी घ्या.

बासुंदी आणि मसाला दुधात केशर पुढे, वेलची मागे. श्रीखंडातही तेच. गुलाबजामच्या पाकात गुलाब पुढे आणि वेलची मागे, तिथे केशर घालून पैसे वाया जातात, कारण गुलाबाखाली ते दबतं. बिर्याणीत केशर आणि केवडा दोघांचं जमतं. केवडा आणि गुलाब समान मापात कुठेही घालू नका. दोघेही फुलांचे वास, दोघेही गोड, आणि एकत्र आले की साबणाच्या वडीची आठवण होते.

आणि काही पदार्थांना यातलं काहीच नको. आपल्या संत्रा बर्फीला केवडा लावू नका, संत्र्याच्या सालीचा वास नाजूक असतो आणि केवडा तो गिळून टाकतो. भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ घरी असेल तर त्याचा साधा भात करा, तो स्वतःच दरवळतो. सावजी रश्शाबरोबरच्या भातातही केवडा नको. त्या मसाल्यापुढे तो टिकत नाही, मागे फक्त एक गोडसर विचित्रपणा ठेवतो.

## ६. करून बघा: दोन लिटर दुधाची बासुंदी

दोन लिटर साईचं दूध जाड बुडाच्या गंजात मध्यम आचेवर आटवा. साय कडेला लावत जा, सराट्याने बूड खरवडत जा. निम्म्यापेक्षा थोडं कमी उरलं की दीडशे ग्रॅम साखर घाला आणि आणखी पाच-सात मिनिटं ठेवा, कारण साखर विरघळली की दूध पुन्हा पातळ होतं.

केशर आधीच भिजत घातलेलं असावं. दूध दोन लिटर असलं तरी ते आटून लिटरभरच उरतं, म्हणून मोजायचं ते आटलेल्या दुधावर. पंधरा तंतू खलून, भिजवून, साखरेबरोबरच घाला, कारण केशराला थोडी ऊब मानवते. वेलची मात्र गॅस बंद झाल्यावर, पाच शेंगांच्या दाण्यांची ताजी पूड.

इथे थांबा. बासुंदी गार करा आणि गार झाल्यावरच चव घ्या. गरम पदार्थाचा वास नाकात जोरात येतो, गार झाल्यावर तोच पदार्थ मंद वाटतो, म्हणून जी ज्या तापमानाला वाढायची ती त्या तापमानाला चाखायची. मी त्या वर्षी गरम गंजावर नाक धरून अंदाज केला असता तरी तो चुकलाच असता.

दुसरी अडचण आपल्या नाकाची. दोन तास त्या वासात उभं राहिलं की नाक त्याला सरावतं आणि काहीच येत नाही असं वाटतं. नेमक्या त्याच वेळी आपण आणखी घालतो. वाटीभर बासुंदी घेऊन अंगणात जा, पाच मिनिटं मोकळ्या हवेत थांबा, मग चाखा. किंवा स्वयंपाकघरात न आलेल्या कोणाला तरी द्या. काय घातलंय ते सांगू नका. त्यांनी ‘बासुंदी छान झाली’ म्हटलं तर माप बरोबर आहे. ‘केशर घातलंय वाटतं’ म्हटलं तरी हरकत नाही. पण पहिला शब्द वासाचा आणि मग दुधाचा आला, तर पुढच्या वेळी कमी करा.

केवड्याचीच बासुंदी हवी असेल तर केशर वगळा. गार बासुंदीतून एक वाटी वेगळी काढा आणि त्यात पाव चमचा केवडा जल घालून दहा मिनिटं ठेवा. वास लगेच पसरत नाही, त्याला दुधात मिसळायला वेळ लागतो. पसंत पडलं तर त्याच हिशेबाने बाकीच्यात घाला. लिटरभराला साधारण एक चमचा होतो. उतरवलेला इसेन्स असेल तर तोही चमच्याने, पण अर्ध्यापासून सुरू करा.

## ७. करून बघा: एक किलो तांदळाची बिर्याणी

मोमिनपुऱ्यातले चाचा मोठ्या देगेवर काम करतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं की ते बाटली उपडी करतील. त्यांनी एका वाटीत पाणी घेतलं, त्यात केवडा जल मोजून टाकलं, पाचही बोटं बुडवली आणि भातावर झटकली. पुन्हा बुडवली, पुन्हा झटकली. पूर्ण थर बारीक थेंबांनी ओला झाला, पण एकाही जागी पाणी साचलं नाही. मी विचारलं, “चाचा, बाटलीतून का नाही ओतत?” ते म्हणाले, “बेटा, जहाँ गिरेगा वहाँ का चावल कोई नहीं खाएगा.” आता घरी मीही तसंच करते.

आठ-दहा माणसांसाठी एक किलो बासमती आणि एक किलो मटण धरा. मटणाचा मसाला तुमच्या घरच्या पद्धतीने करा. त्यात चार हिरव्या वेलच्या आणि एकच मसाला वेलची पुरे. केवडा किंवा गुलाब मटणात घालू नका. कांदा, लसूण आणि गरम मसाल्याखाली त्यांचा वरचा नाजूक भाग हरवतो आणि रश्श्याला नुसता गोडसरपणा येतो. त्यांची जागा भातावर आहे.

तांदूळ अर्धा तास भिजवा. भरपूर पाण्यात मीठ, तेजपान आणि सहा ठेचलेल्या वेलच्या घालून उकळी आणा, तांदूळ टाका. दाणा बोटाने दाबल्यावर मोडेल पण मध्ये पांढरा कणा राहील, तेव्हा निथळून घ्या.

तोपर्यंत केशर तयार ठेवा: तीस तंतू खलून अर्धी वाटी कोमट दुधात. दुसऱ्या वाटीत चार मोठे चमचे पाणी घ्या, त्यात केवडा जल दोन लहान चमचे. गुलाब हवाच असेल तर गुलाब जल अर्धा लहान चमचा, त्याहून जास्त नाही. इसेन्स वापरत असाल तर त्याच पाण्यात केवड्याचे तीन थेंब आणि गुलाब पूर्ण वगळा.

भांड्यात खाली मटण, वर निम्मा भात, त्यावर तळलेला कांदा, पुदिना आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. मग उरलेला भात. केशराचं दूध सगळीकडे पसरवू नका. चमच्याने सात-आठ ठिकाणी सोडा, म्हणजे वाढताना काही दाणे पांढरे, काही पिवळे, काही केशरी येतात आणि प्रत्येक घासाची चव थोडी वेगळी लागते. त्यावर केवड्याचं पाणी बोटांनी झटका. शेवटी दोन चमचे पातळ केलेलं तूप.

झाकणाची कड कणकेने बंद करा. पाच मिनिटं मोठी आच, मग खाली जाड तवा ठेवून वीस-पंचवीस मिनिटं मंद. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. आत वाफेबरोबर उठलेला वास झाकणाला लागून पुन्हा भातावर उतरतो. लगेच उघडलं तर तो तुमच्या तोंडावर येतो आणि स्वयंपाकघरात विरतो, भातात काहीच राहत नाही. घरभर घमघमाट सुटला आणि ताटात वास नाही, अशी तक्रार असते ती यामुळेच.

बाजारात भगवा रंग आणि केवडा एकत्र असलेली बाटली मिळते. ती घेऊ नका. रंग हवा तेवढा आला की वास जास्त झालेला असतो, आणि वास हवा तेवढा ठेवला तर रंग येत नाही. दोघांची मापं वेगळी, म्हणून बाटल्याही वेगळ्या.

## ८. जास्त पडलंच तर

गोडात जास्त झालं तर पहिली गोष्ट, त्यात आणखी वेलची किंवा जायफळ घालून झाकायला जाऊ नका. वासावर वास चढतो, आधीचा जात नाही. मी त्या दिवशी तेही करून पाहिलं होतं.

केवडा आणि गुलाब हे उडणारे वास आहेत. बासुंदी परत मंद आचेवर ठेवा, झाकण न ठेवता, सतत हलवत सात-आठ मिनिटं. थोडा भाग उडून जातो. तेवढ्याने भागलं नाही तर एकच खात्रीचा उपाय आहे: आणखी एक-दोन लिटर दूध नुसत्या साखरेवर आटवा आणि दोन्ही एकत्र करा. बासुंदी दुप्पट होईल, पण खाल्ली जाईल. केशर जास्त होऊन कडू लागत असेल तर उकळून उपयोग नाही, कडवटपणा उडत नाही. तिथे फक्त दूध वाढवणं हाच मार्ग.

बिर्याणीत जास्त झालं तर झाकण काढा, भात हलक्या हाताने परातीत पसरा आणि दहा मिनिटं मोकळा ठेवा. वाफेबरोबर बराच वास जातो. मग साधा बासमती भात शिजवून वरच्या थरात मिसळा. लिंबू पिळू नका. लिंबाने केवडा कमी होत नाही, फक्त आंबट केवडा होतो.

## ९. नागपूरच्या उन्हाळ्यात साठवण

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो आणि गॅसजवळच्या फळीवर त्याहून जास्त गरम असतं. तिथे ठेवलेलं गुलाब जल पावसाळ्यापर्यंत आंबूस होतं. उघडलेली जलाची बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, आणि वापरण्याआधी दरवेळी हुंगा. गढूळ दिसली किंवा खाली तरंगणारे धागे दिसले तर ओतून टाका.

इसेन्स फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, अंधाऱ्या कपाटात पुरे. मात्र तूप, रवा, सुकामेवा यांच्या शेजारी ठेवू नका. झाकण सैल राहिलं तर आठवड्यात रव्याला केवडा येतो आणि मग उपम्यालाही.

केशर फ्रिजमध्ये नको. डबी काढ-घाल केली की आत दमट होतं आणि तंतू मऊ पडतात, ते खलले जात नाहीत. घट्ट झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या किंवा काचेच्या डबीत, कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवा. सगळं एका डबीत न ठेवता पंधरा-पंधरा तंतूंच्या कागदी पुड्या आधीच बांधून ठेवल्या तर महालक्ष्म्यांच्या सकाळी घाईत मोजायला लागत नाही. एका ग्रॅमच्या साधारण तीस पुड्या होतात. कोजागिरीला एक, पाडव्याच्या श्रीखंडाला एक, बिर्याणीला दोन, अशा मी वर्षभर काढते.